पगारानंतरच्या रविवारची बैठक

माझ्या माहेरी, पेणला, गणपतीचा कारखाना. पैसा वर्षातून एकदाच यायचा, पण आला की घरभर नाचायचा. मूर्ती गावोगाव रवाना झाल्या की आई उधाऱ्या चुकवायची, धान्य भरायची, सगळ्यांना कपडे शिवायची आणि उरलेलं वर्ष वाण्याशी गोड बोलायची. नवऱ्याच्या घरी, रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, पैसा दर महिन्याला कंपनीतून यायचा आणि आल्या आल्या पोस्टात जाऊन बसायचा. नवरा टूथपेस्टची ट्यूब आधी लाटण्यानं लाटायचा, मग कात्रीनं उभी चिरायचा. आमच्याकडे ट्यूबलाही सुखाचं मरण नव्हतं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी न विचारता हप्त्यावर मिक्सर आणला.

"पाटा काय मेला होता?" नवऱ्यानं विचारलं.

"पाटा नाय, वाटून वाटून मी मरतेय."

त्यावर त्यानं आठवडाभर अबोला धरला. जेवताना मीठसुद्धा सासूबाईंकरवी मागायचा. शेवटी त्याच वैतागल्या. "काय गो, मी काय तुमचं टपालखातं हाय? बोला की एकमेकांशी!"

नवरा कंपनीच्या युनियनमध्ये पगारवाढीच्या वाटाघाटींना बसायचा. त्यालाच सुचलं, की मालकाशी बोलताना विषयपत्रिका लागते, तर बायकोशी बोलताना का नको? पगारानंतरच्या पहिल्या रविवारी, जेवण झाल्यावर, महिन्याची बैठक ठरली. पहिल्याच बैठकीत तो खुर्चीवर बसला आणि माझ्यासाठी त्यानं पाट मांडला. मी पाट उचलून भिंतीला टेकवला आणि म्हटलं, "यात मालक कोण, ते आधी सांगा." त्यानंतर दोघंही चटईवर बसू लागलो.

दुसरं भांडण माझ्या कमाईवरून झालं. हंगामात मी माहेरी जाऊन मूर्तींचे डोळे रंगवायचे. ते पैसे नवऱ्याच्या लेखी 'सुट्टे' होते, आणि त्याचा पगार म्हणजे 'उत्पन्न'. दोन बैठका त्यातच गेल्या. अखेर माझ्या हंगामाच्या कमाईचे बारा भाग करून दर महिन्याला एक भाग त्याच्या पगारात मिळवायचं ठरलं. त्या एकत्र रकमेतून आधी भाडं, किराणा, सासूबाईंची औषधं काढायची. मग बचत. मग दोघांना सारखाच हातखर्च, ज्याचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही. पाचशेच्या वरचं काहीही दोघांच्या होकाराशिवाय नाही. एकमत झालं नाही तर विषय पुढच्या महिन्यात. आणि एकदा निकाल लागलेली गोष्ट परत उकरायची नाही. हे शेवटचं कलम मिक्सर डोळ्यांसमोर ठेवून मीच घातलं होतं.

वर्षभर बरं चाललं. मग कंपनीतल्या एका मित्रानं नवऱ्याच्या डोक्यात सागवान लावलं. पैसे भरायचे, दूर कुठेतरी आपल्या नावाची झाडं वाढणार आणि वीस वर्षांनी आपण लखपती. नवऱ्यानं अख्खा बोनस त्यात घालायचा प्रस्ताव मांडला.

"झाडं बघितलीत?"

"रंगीत पत्रक बघितलंय."

"मग नाय."

"अगं, हा खर्च नाय, बचत हाय!"

ज्या माणसाला मिक्सर म्हणजे उधळपट्टी, त्याला न पाहिलेलं जंगल म्हणजे बचत वाटत होतं. विषय पुढच्या महिन्यात गेला, तिथून त्याच्या पुढच्या. तोवर मित्रानं फंडातून कर्ज काढून पैसे भरले होते आणि रोज डबा खाताना नवऱ्याला भित्रा म्हणत होता. तिसऱ्या बैठकीत नवरा म्हणाला, "माझा हातखर्च तरी माझा हाय ना?"

नियम नियमच होता. त्यानं सहा महिने चहा-पान सोडलं आणि हातखर्चाचा पैसा न् पैसा सागवानाला वाहिला.

सातव्या महिन्यात सागवानवाल्यांच्या ऑफिसला कुलूप लागलं. मित्र घाबराघुबरा होऊन आमच्या घरी आला आणि पायरीवरच बसून रडला. त्याच्या बायकोला कर्जाचा पत्ताच नव्हता. नवऱ्यानं त्याला पाणी दिलं आणि म्हणाला, "आधी तिला सांग. आज संध्याकाळीच."

त्या महिन्याच्या बैठकीत माझ्या जिभेवर बरंच काही होतं. पण उकरायचं नाही हे कलम माझंच. मी किराण्याचे भाव वाचत राहिले. इतका महाग संयम मी आयुष्यात दुसरा पाळला नाही. नवरा खाली मान घालून ऐकत होता. किराणा संपल्यावर म्हणाला, "बोल ना एकदाचं."

"विषयपत्रिकेत नाय."

तो हसला, पुष्कळ दिवसांनी. मग सासूबाईंच्या चष्म्याचा विषय निघाला आणि पहिल्यांदाच त्यानं स्वस्तातली काच सुचवली नाही.