सर्वांत उंच खांब

बेसाच्या कॉलेजात मी शिक्षकांना संख्याशास्त्र शिकवते. त्या दुपारी पडद्यावर तीन खांब होते: व्याख्यान, गटकार्य आणि खेळ या तीन पद्धतींनी शिकलेल्या तीन वर्गांचे सरासरी गुण. खेळाचा खांब सगळ्यांत उंच.

"खेळ जिंकला, मॅडम," सगळे म्हणाले. दोनदा समजावूनही तिसऱ्यांदा तेच! माझं डोकं फिरलं.

मी स्लाइड सोडून खडू उचलला आणि एकेका मुलाचे गुण ठिपक्यांनी मांडले. "बघा, खेळानं शिकलेल्यांतच वीसपैकी कोणाला दोन, कोणाला एकोणीस. बाकीचे वर्गही असेच विखुरलेले. एफ गुणोत्तरात वर असतं तीन सरासऱ्यांमधल्या फरकाचं माप, खाली वर्गाच्या आतल्या फरकाचं. पद्धतीनं काहीच फरक पडत नसेल, तर भागाकार एकाच्या आसपास येतो. आपला तेवढाच आलाय. मग एवढ्याशा उंचीवर कोणी जिंकलं कसं म्हणायचं?"

माना डोलल्या. समजलं असावं. मला हायसं वाटलं.

मागच्या बाकावरच्या, हुडकेश्वरहून येणाऱ्या बाईंनी हात वर केला. त्या अजून फळ्यावरच्या सगळ्यांत खालच्या ठिपक्याकडेच बघत होत्या.

"समजलं, मॅडम. माह्या वर्गात असे लय आहेत. पण या दोन मार्कवाल्याले कोणत्या पद्धतीनं शिकवू?"

सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून घाईघाईनं मी पुढच्या स्लाइडचं बटण दाबलं.

पडद्यावर आलं, 'धन्यवाद'.