मामांचे नाव

सोमनाथ आहेर यांची नोकरी कांद्याच्या आडतीवर दिवाणजीची. शेकडो शेतकऱ्यांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत. नावे मात्र ऐन वेळी दगा देत. म्हणून त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाईंनी एक रीत बसवली होती. नवरा नुसतेच 'या, पाहुणे' म्हणाला की त्या पुढे होऊन विचारीत, "मी चंद्रभागा, यांची मंडळी. आपलं नाव?" नाव कळे आणि दिवाणजींचा जीव भांड्यात पडे.

थोरल्या मुलीच्या लग्नात बाई जवळ नव्हत्या. दिवाणजींनी अंदाजाने हाक मारली, ती भलत्याच माणसाच्या नावाची निघाली. पाहुणा न जेवताच गेला आणि मुलीला सासरी वर्षभर ते ऐकावे लागले.

आता धाकट्या सायलीचे लग्न होते, पंचवटीतल्या एका कार्यालयात. चंद्रभागाबाई नवरीजवळ आत गुंतल्या होत्या. दारात दिवाणजी उभे, शेजारी पुतण्या मनोज फेटे आणि माइक घेऊन सज्ज. एवढ्यात नवरदेवाचे थोरले मामा आले. लग्न ठरले त्या दिवशी, सुपारीला, ते दिवाणजींच्या शेजारीच जेवायला बसले होते. सारे आठवले, नाव तेवढे नाही.

"या, पाहुणे, या! प्रवास ठीक झाला ना?"

"झाला की. ओळखलं ना, व्याही?"

मनोज कानाशी कुजबुजला, "काका, नाव सांगा, पुकारायचंय."

एक नाव दिवाणजींच्या जिभेवर आलेही. पण थोरलीचे रडणे आठवले आणि त्यांनी ते गिळले. मामांचा हात दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "ओळखलं, मामा. सुपारीला आपण शेजारी बसलो होतो, तुम्ही माझ्या ताटात तुमची जिलबी वाढलीत. नाव मात्र आत्ता निसटलं. माफ करा, एकदा सांगा."

मामांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले.

"झिपरू निकम," मामा म्हणाले.

"झिपरूमामा! मनोज, हे आपल्या जावयांचे थोरले मामा, झिपरूमामा निकम. पहिला फेटा यांना. झिपरूमामा, या, पुढे बसा."

मामा खदखदून हसले. "सुपारीलाच कळलं होतं मला. तुम्ही 'पाहुणे' म्हणालात की विहीणबाई नाव विचारायला पुढं. आज त्या दिसल्या नाय, म्हटलं बघू काय करतात! दुसरंच नाव ठोकलं असतं, तर लय राग आला असता."

माइकवर नाव घुमले. तेवढ्यात लांबून नवऱ्याचे 'पाहुणे' ऐकलेल्या चंद्रभागाबाई पदर सावरत, धापा टाकत आल्या. "नमस्कार, मी चंद्रभागा, यांची—"

"अगं, हे झिपरूमामा," दिवाणजी ऐटीत म्हणाले.

"उशीर केलात, विहीणबाई," मामा फेट्यासाठी डोके पुढे करत म्हणाले, "आज व्याह्यांनी एकट्यानं निभावलं."