खांबाआडून आलेला प्रश्न

आमच्या गावात दर गुरुवारी दुपारी विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात आम्ही दहा-अकरा बायका पोथी घेऊन बसतो. पारायण नव्हे. पारायणात ओव्या भराभर वाचून संपवायच्या असतात. आम्ही पाचच ओव्या घेतो, एकीनं वाचायच्या, मग त्यावर प्रत्येकीनं आपल्याला काय वाटलं ते बोलायचं. हा गट मी सुरू केला. मी अंगणवाडीत आहे, चार बायका जमवायची मला सवय आहे आणि थोडी खोडही आहे.

गट सुरू झाल्यावर महिन्याभरातच माझ्या लक्षात आलं की बोलणारी एकच आहे. त्या म्हणजे माझ्या चौथीच्या बाई. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मला अक्षर त्यांनीच शिकवलं. ओवी वाचून झाली की बाई चष्मा नाकावर घेत आणि सुरू होत. पहिल्या चरणाचा अर्थ, मग दुसऱ्याचा, मग त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलेला अर्थ, मग तेलगावला ऐकलेल्या कीर्तनातला अर्थ. तोवर चहाची वेळ व्हायची. बाकीच्या माना डोलवायच्या आणि हळूच जांभई द्यायच्या. मला राग यायचा. राग आला की माझे कान तापतात, आणि तेव्हा मी जे बोलते त्याचा पुढे मला हमखास पस्तावा होतो.

आणि एक होती मुळीच न बोलणारी. तिशीची असेल. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जाणारे, दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर गाव सोडायचे ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. ती दाराजवळच्या खांबाला टेकून बसायची, अर्धी खांबाआड. पदर डोक्यावरून हनुवटीपर्यंत. पोथी फिरत तिच्यापाशी आली की दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावायची आणि पुढे द्यायची. वाचता येत नव्हतं तिला. पण एकही गुरुवार चुकवत नव्हती. एवढ्या कामाची बाई दुपारची दोन तास येऊन गप्प बसते, ते उगीच नाही, असं मला सारखं वाटे. तिच्या मनात काहीतरी आहे आणि टोळी निघायच्या आत ते बाहेर आलं पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

मग मी एकाच दुपारी दोन चुका केल्या. बाई रंगात आल्या होत्या. मी मध्येच म्हणाले, "बाई, आता बास करा. दुसऱ्यांनाबी तोंड हाय." सगळ्या चिडीचूप झाल्या. बाईंनी चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला. त्या शांततेची मलाच भीती वाटली आणि ती भरून काढायला मी खांबाकडे बोट केलं, "तू सांग गं, तुला काय वाटलं?" सगळे चेहरे तिच्याकडे वळले. तिनं पदर आणखी पुढे ओढला, "मला काय कळतंय, ताई," एवढंच म्हणाली, आणि पुढच्या गुरुवारी सभामंडपाच्या बाहेर, चपला काढतात तिथं बसली. बाई तर आल्याच नाहीत.

दोन गुरुवार बाईंविना गेले. मला वाटलं होतं की आता सगळ्या मोकळ्या बोलतील, पण गट अगदी फिका झाला. एकीला शब्दाचा अर्थ अडला तर सांगायला कुणी नाही. शेवटी मी बाईंच्या घरी गेले. ओसरीवर त्या एकट्याच शेंगा फोडत बसल्या होत्या. यजमान गेले, मुलगा पुण्याला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी दिवसभर कुणाशी बोलते, ते विचारलंस कधी?" मला फार लाज वाटली. मी त्यांच्या समोर बसून शेंगा फोडू लागले आणि खरं ते सांगून टाकलं. चारचौघांत तुमचा पाणउतारा केला, ते चुकलं. पण बाई, तुम्ही सगळंच सांगितलंत तर बाकीच्यांना सांगायला काही उरत नाही. तुम्ही मला मदत करा.

बाईंनी मूठभर दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "वर्गात हात वर केल्याबिगर बोलायचं न्हाई, हा नियम मीच केलता. पेन्शन लागली अन् इसरले."

त्या दिवशी आम्ही ठरवलं. आजवर बाई माझ्या समोर बसत. मी नजर उचलली की ती त्यांच्यावरच पडे आणि त्यांना वाटे, मी त्यांनाच विचारतेय. आता त्या माझ्या शेजारी बसणार. दुसरं, प्रत्येकीचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणीही दुसऱ्यांदा बोलायचं नाही, आणि हा नियम मलाही लागू. नको असेल तिनं "पुढं" म्हणायचं, त्यात कमीपणा नाही. तिसरं, जुन्या शब्दांचा अर्थ सांगायचं काम बाईंचंच, पण कुणी विचारलं तर. आणि ओवी वाचल्यावर आधी दोघी-दोघींनी आपसात बोलायचं, मग सगळ्यांत.

खांबाआडच्या तिला मी गटात विचारणं सोडलं. बुधवारी तिच्या दारावरून जाताना सांगू लागले, उद्याच्या ओव्यांत हे-हे आहे. सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर नुसतं ऐक. ती मान हलवायची. तिसऱ्या आठवड्यात चपलांजवळून उठून पुन्हा खांबाशी आली. जोडीत शेजारणीशी कुजबुजताना दिसली. बाई माझ्या शेजारी ओठ घट्ट मिटून बसत. मधूनच त्यांचा हात चष्म्याकडे जाई आणि परत येई. मला मनातून हसू येई आणि कौतुकही वाटे. आपल्याला गट चालवता येतो, असं मला वाटू लागलं होतं.

दिवाळी झाली. तिचा तो शेवटचा गुरुवार होता, दोन दिवसांनी टोळी निघणार होती. त्या दिवशीच्या ओव्या होत्या ज्याचं मन दुःखानं हलत नाही, त्या शहाण्याबद्दल. जोड्यांत बोलून झालं. एकेक जण सांगत गेली. पाळी खांबापाशी आली. ती "पुढं" म्हणेल म्हणून मी पुढचीकडे बघतच होते, तेवढ्यात ती म्हणाली,

"ताई, मला इचारायचं हाय."

आवाज इतका बारीक होता की सगळ्या पुढे झुकल्या.

"मागल्या साली उसाच्या फडात मपलं लेकरू गेलं. नऊ दिवसांचं. तिसऱ्या दिशी मी मोळ्या बांधाया गेलते. रडले न्हाई. सासू म्हनली, दगडाची हाय ही. आज पोथीत आलंय, दुखानं हालत न्हाई ती शहाणी. मंग मी शहाणी हाय का दगड?"

बाईंचा श्वास मला ऐकू येत होता. ती शांतता मला सोसली नाही. मी बोलायला लागले. म्हणाले, पोथीतलं न हलणं वेगळं, आणि आपण दुःख आत दाबतो ते वेगळं. मग आसक्ती काय, विरक्ती काय, सागराचा दृष्टांत, मग आणखी एक दृष्टांत. मी खूप छान बोलले. किती बोलले ठाऊक नाही, चहाचं आधण उतू गेलं तेव्हा थांबले. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. तिनं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, पदर पुढे ओढला. पोथीला लांबूनच नमस्कार करून उठून गेली.

सगळ्या गेल्यावर बाई सतरंजीची घडी घालू लागल्या. मी म्हटलं, "बोलली एकदाची." त्यांनी घडी पुरती करून कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाल्या, "मी बोलायचे तवा तुला राग यायचा. आज मी तोंड धरून बसले, अन् तू बोललीस. पोरी, लेकरू पोरगा हुता का पोरगी, एवढंबी इचारलं न्हाईस."

बाईंनी लहानपणी छडी मारली होती, तीही इतकी लागली नव्हती. मी घरी जाऊन चुलीपुढे नुसती बसून राहिले. महिनोन्‌महिने तिनं तोंड उघडावं म्हणून मी जागा बदलल्या, नियम केले, बाईंना गप्प बसवलं. आणि तिनं उघडलं तेव्हा मी त्यात माझी शिकवण कोंबली. ती "बरं" म्हणाली, ते समजलं म्हणून नव्हे, तर मी थांबावं म्हणून.

शनिवारी सकाळी चौकात ट्रक लागला होता. भांडी, गोधड्या, कोयते, एक शेळी, असं सगळं वर चढत होतं. ती पाण्याची घागर कडेला लावून उभी होती. मी रात्रभर काय-काय जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य मला आठवेना. बरंच झालं.

मी विचारलं, "पोरगी होती का पोरगा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिचा पुरता चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "पोरगी," ती म्हणाली. मी जीभ दातांत धरली, अगदी खरोखर धरली. मुकादम ओरडत होता, ट्रकवरून तिचा नवरा हाका मारत होता.

"बाराव्या दिशी नाव ठिवायचं हुतं. राहिलं. पर मी तिला एका नावानं हाक मारायचे. आमच्या पाचटाच्या कोपीत, कुनी नसलं मंजी." मग माझ्या कानाशी येऊन ते नाव तिनं सांगितलं, आणि रस्त्यातच, घागरीला धरून, रडली. मीही रडले. तू शहाणी आहेस का दगड, याचं उत्तर तिनं पुन्हा मागितलं नाही, आणि मी दिलंही नाही.

ट्रक गेल्यावर मी बाईंकडे गेले. "काय होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पोरगी." बाई पुढचं विचारणार होत्या, मला दिसलं, पण त्यांनी ओठ मिटून घेतले.

आता फाल्गुन चालू आहे. खांबाजवळची जागा आम्ही रिकामी ठेवतो. ते नाव मी गटात कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर ते तिनं सांगायचं.