धंदा तोच, फक्त नाव बदललं

माझा भाऊ नागसेन खोटं बोलत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, सांगताना माझं डोकं फिरतं. थोडं खोटं बोलला असता, निदान एका कागदाबद्दल गप्प बसला असता, तर बावीस वर्षांनी का होईना, त्याच्या नावाची एक वस्तू बाजारात गेली असती.

दादाची तळवड्यात शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग, चार कामगार. आयटीआय करून काही वर्षं कंपनीत फिटर होता, मग २००३ साली एक जुना लेथ घेऊन स्वतःचं सुरू केलं. सगळं जॉबवर्क. ड्रॉइंग दुसऱ्याचं, लोखंड दुसऱ्याचं, खोक्यावर नाव दुसऱ्याचं. चाकणच्या रस्त्यावरनं धावणाऱ्या कितीतरी गाड्यांत त्याच्या हातचा तुकडा आहे, पण ते त्याला नि मला सोडून कुणाला माहीत?

मशीनवर कापताना जे पांढरं पाणी सोडतात, कूलंट, त्याच्यावर दोन-चार दिवसांत तेलाचा थर चढतो. मग ते सडतं, शेडभर घाण वास सुटतो आणि कामगारांच्या हातांची कातडी निघते. दादाचे हात वीस वर्षं तसेच होते. ते तेल काढायची यंत्रं मिळतात, पण त्यांना मोटर लागते. दादानं मोटर काढूनच टाकली. टाकीत परत पडणाऱ्या कूलंटच्या धारेवर एक चाक फिरतं, चाकावरची पट्टी तेल उचलते नि बाजूच्या डब्यात निथळवते. वीज नाही, खर्च नाही. दीड वर्ष रविवारी खपून त्यानं ते केलं.

एका सरकारी वर्कशॉपमध्ये त्याची ट्रायल झाली. तिथले इंजिनिअर खूश. म्हणाले, चाळीस नगांचं टेंडर निघतंय, भरा. टेंडरची अट अशी, की सरकारला असला माल पुरवल्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा. अनुभवाची आणि उलाढालीची अट माफ कुणाला, तर केंद्राची मान्यता असलेल्या स्टार्टअपला.

ही मान्यता मिळवून द्यायचं काम माझ्यावर आलं. मी, मिनल, निगडीला एका टॅक्स कन्सल्टंटकडे बारा वर्षं हेच करते. दादाची फर्म त्याच्या एकट्याच्या नावावर होती आणि तसल्या फर्मला मान्यता मिळत नाही. म्हणून दादा आणि रश्मीवहिनी अशा दोघांची एलएलपी, म्हणजे नोंदणीची भागीदारी संस्था, केली. नोंदणीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा दादानं ते लॅमिनेट करून शेडमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं.

मग दादा जिचं जॉबवर्क करतो त्या चाकणच्या कंपनीचा प्रश्न आला. ती कंपनी आपल्या सप्लायरला एक नंबर देते, व्हेंडर कोड. तो गेला की पुन्हा ऑडिट, पुन्हा सॅम्पल, सहा महिने काम बंद. कोड टिकावा म्हणून आम्ही एलएलपीच्या लेटरहेडवर लिहून दिलं: जुन्या फर्मचा सगळा व्यवसाय, मशीन आणि कामगार आमच्याकडे घेतले आहेत, धंदा तोच, माणसं तीच, फक्त नाव बदललं आहे. कंपनीनं शिक्का मारून प्रत परत दिली. कोड वाचला. जुन्या फर्मचा जीएसटी नंबर मी रद्द करून टाकला.

अर्ज ऑनलाइन असतो, फी लागत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र जोडायचं आणि आपली वस्तू कशात नवीन आहे ते लिहायचं. दादा सांगत होता, मी इंग्रजीत टाइप करत होते. त्याचं पहिलंच वाक्य, "आम्ही २००३ पासून या धंद्यात आहोत."

"दादा, चाकाबद्दल सांग. तुझं चरित्र नकोय त्यांना."

"अगं, बावीस वर्षं सांगितल्याशिवाय आपलं ऐकतं कोण? कुठल्याही कंपनीचा फॉर्म बघ, पहिलं तेच विचारतात."

खरंच विचारतात. मी वाक्य राहू दिलं. वर तो म्हणाला, ते शिक्क्याचं पत्र पण जोड, एवढ्या मोठ्या कंपनीचं आहे, वजन पडेल. मी जोडलं. चालू धंदा फोडून किंवा त्याचीच नव्यानं मांडणी करून काढलेली संस्था स्टार्टअप धरत नाहीत, हा नियम मी पंचवीस वेळा वाचला होता. पण तो मला वाटायचा पैसेवाल्यांसाठी, करसवलत लाटायला एका कंपनीच्या चार करणाऱ्यांसाठी. तळवड्यातल्या पत्र्याच्या शेडसाठी असेल असं डोक्यातच आलं नाही. माझ्या अकलेची कीव करावी तेवढी थोडी आहे.

आठवड्याभरात अर्ज परत आला. विचारणा होती: आपली संस्था जुन्या व्यवसायाची पुनर्रचना आहे का, खुलासा करा.

मी तशीच शेडवर गेले. म्हटलं, "दादा, लिहूया की जुना धंदा वेगळा होता. एलएलपी फक्त या चाकासाठी काढली."

त्यानं हात पुसले. "आणि पत्रात काय लिहिलंय?"

"ते कंपनीसाठी होतं."

"कंपनीला एक सांगायचं नि सरकारला दुसरं? मशीन तीच आहेत, पोरं तीच आहेत. चाक नवीन आहे. तेवढंच लिही. खरं आहे ते समजेल त्यांना."

मी खूप भांडले. वहिनी मधे पडल्या. शेवटी त्यानं सांगितलं तसंच लिहिलं: धंदा जुना, वस्तू नवीन. त्यांना बरोबर समजलं. अर्ज नामंजूर झाला. नियमानं पाहिलं तर त्यांची चूकही नाही, म्हणून तर जास्त राग येतो; कुणाच्या नावानं बोटं मोडायची? फक्त चाकासाठी अगदी नवी संस्था काढता आली असती, पण त्यात नि मान्यतेत मिळून तीन आठवडे तरी जाणार, आणि टेंडर नऊ दिवसांत बंद होत होतं. ज्याला अनुभव नाही त्याला अट माफ होती. दादाला अनुभव होता, पण त्यांना हवा तसला नव्हता. मधल्यामधे मेला.

टेंडर अकरा महिन्यांच्या एका कंपनीला मिळालं. मान्यता होती त्यांच्याकडे. पुढच्याच महिन्यात त्या कंपनीची मालकीण शेडवर आली. स्वरूपा नाव, पुनावळ्याची, तिशीही नसेल. तिला शिव्या द्यायच्या तयारीनंच मी बसले होते, पण मुलगी सरळ होती. तिच्या यंत्राची मोटर कूलंटच्या शिंतोड्यांनी दोनदा जळाली होती. वर्कशॉपच्या इंजिनिअरनीच तिला दादाचं नाव दिलं होतं.

तिनं चाक फिरताना बराच वेळ पाहिलं. "काका, असे चाळीस करून द्याल? जॉबवर्कनं. किती वर्षांचा अनुभव आहे तुम्हाला?"

"बावीस."

"मग तर प्रश्नच नाही," ती म्हणाली.

मी दादाकडे बघत होते. नाही म्हण, मनात ओरडत होते. त्यानं चार कामगारांकडे एकदा पाहिलं आणि हो म्हणाला.

पहिला नग तयार झाला त्या दिवशी मी तिथेच होते. स्वरूपाच्या कंपनीच्या नावाच्या स्टीलच्या पाट्या आल्या होत्या. पहिली पाटी दादानं स्वतः बसवायला घेतली. भोकं जुळवली, एक स्क्रू आवळला, लांब होऊन पाहिलं, पुन्हा सैल केला.

"दादा, काहीच कसं वाटत नाही रे तुला?"

"वाटतं ना," तो मान वर न करता म्हणाला. "पण म्हणून वाकडी बसवू का?"