काट्यावरची भाची

माझी वहिनी शिवणकामाच्या दुकानात कापड कापते. तिथं टेप, घरी वजनकाटा. आम्ही तिला चिडवून ‘काटेवाली’ म्हणायचो. पण तिच्या मापाशिवाय माझी भाची आठ वर्षांची धड झाली नसती. पोरीला जन्मापासून पीकेयू हा आजार. प्रोटीनमधलं फिनाइलअ‍ॅलनिन तिच्या अंगात साचतं आणि मेंदूला बाधतं. म्हणून दिवसाला फक्त तीनशे मिलिग्रॅम, बटाटासुद्धा तोलून. वाढीला लागणारं बाकीचं प्रोटीन फिनाइलअ‍ॅलनिन काढलेल्या औषधी पावडरीतून. तीन वेळा पेला. वास असा, की माझंच तोंड वाकडं व्हायचं.

महिन्याला बोट टोचून रक्ताचे ठिपके कार्डावर घ्यायचे आणि पाठवायचे. आकडा साडेतीनशेच्या आत हवा. यंदा थंडीतापानंतर तो पाचशेवर गेला. आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर विचारलं, “आजारी होती का? काही जास्तीचं खाल्लं का?” वहिनीनं त्यातला दुसरा प्रश्नच धरून ठेवला.

तिनं कुणाला न विचारता बटाटा निम्मा केला. पुढचा आकडा सातशे. मग कमी प्रोटीनच्या खास पिठाचा पाव कमी केला, वरचं तेलही. पावडरीतही प्रोटीनच, म्हणून एक पेला बंद.

“शाळेत कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?” वहिनी रोज विचारायची.

“नाही गं आई, शपथ.”

एकदा माझ्यासमोर थोबाडीत मारली. मीसुद्धा म्हटलं, “खरं बोल, बाळा.” माझाही विश्वास नव्हता.

आठशेचा आकडा आला तेव्हा बाईंनी आम्हा तिघींना बोलावून घेतलं. आधी पोरीला वजनावर उभं केलं. दोन किलो कमी. मग वहिनीनं लिहिलेलं रोजचं खाणं वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

“हिनं काहीच चोरून खाल्लेलं नाही. पहिल्यांदा वाढला तो तापामुळे. तो आपोआप उतरला असता. पण पोट भरलं नाही की शरीर स्वतःचंच मांस मोडतं. त्यातलं फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात येतं. तुम्ही जेवढं कमी केलंत, तेवढा आकडा चढला.”

 मला वहिनीचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. पोरगी भिंतीवरचं घड्याळ बघत बसली होती. ती अलीकडे वर्गात अशीच बसते, हे मास्तरांनी सांगितलंच होतं.

“मेंदूचं काय?” मी विचारलं.

“आकडा खाली आणू. मग तपासू. आज काही सांगता येणार नाही.”

घरी येऊन वहिनीनं बटाटा पूर्ण तोलला, पावाला तेल लावलं, पेला ढवळला. ताट पोरीपुढं ठेवलं.

“खा गं माझी बाई. सगळं खा.”

पोरीनं पेला संपवला. पाव मोडून अर्धा ताटाबाहेर ठेवला, बटाट्याच्या दोन फोडी त्याच्याशेजारी ठेवल्या आणि आईकडे बघितलं.

“एवढं बास. मग मारणार नाहीस ना?”