हळू रडा

तिच्या पाठीवर कडुनिंबाच्या फांद्यांचे वळ होते आणि ते उठवायला मी मदत केली होती. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. माणूस स्वतःच्या चुका फार जपून ठेवतो, मी तर डॉक्टर.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावला माझा दवाखाना होता. पारोळ्याच्या पुढच्या एका खेड्यातून एक कापसाचे शेतकरी बायकोला घेऊन आले. त्यांना सगळे नाना म्हणत, तिला अक्का. अक्का पंचावन्नच्या आसपासची. दोन महिन्यांपूर्वी घरचं सगळं बघणारी बाई, आता भाकरी थापता थापता हात तसाच धरून बसायची. चालताना झोक जायचा. नवऱ्याला ओळखायची, पण नाव आठवायचं नाही. मधूनच अंगाला झटका बसायचा. ताप नाही, डोकेदुखी नाही, रक्ताच्या सगळ्या तपासण्या ठीक.

इतक्या झपाट्याने म्हातारपणाचा विसराळूपणा येत नाही, एवढं मला कळत होतं. मी तिला धुळ्याला एका मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांच्याकडे मेंदूतल्या विजेचा आलेख काढायचं मशीन होतं. कागदावर साधारण सेकंदाला एक अशी टोकदार लाट, ठरावीक अंतराने, पानामागून पान. मी धुळ्याला गेले तेव्हा तो आम्ही दोघांनी मिळून बघितला. मेंदू उघडून बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण मेंदू पोखरणाऱ्या एका दुर्मीळ आजाराशिवाय दुसरं फारसं काही उरलं नव्हतं.

नानांना मी दुधाचं उदाहरण दिलं. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत एक प्रथिन असतं, निरुपद्रवी. त्यातलं एखादं चुकीचं दुमडलं, की ते शेजारच्या चांगल्याला लागतं आणि त्यालाही तसंच वाकवतं. विरजणासारखं. फक्त विरजणात जीव असतो, यात जीवच नाही. ना जंतू, ना विषाणू. वाकड्यांचे पुंजके होतात, पुंजके तुटतात, तुकडे एका पेशीतून दुसरीत जातात आणि तिथलं सगळं पुन्हा वाकवू लागतात. पेशी मरतात, मेंदूला बारीक भोकं पडतात. त्या वेळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही हे पूर्ण पटलेलं नव्हतं, पण मला पटलं होतं. कुणी केलं नाही, कुणाकडून लागलं नाही, असंच आपोआप सुरू होतं, हेही मी सांगितलं. औषध नाही. काही आठवडे, फार तर काही महिने.

नाना ऐकत होते, पण डोळे कुठेतरी दुसरीकडेच. मला राग आला. मला पटकन राग येतो, आजही येतो. म्हटलं, याला दाखवल्याशिवाय कळायचं नाही. अक्काच्या पाठीमागे जाऊन मी जोरात टाळी वाजवली. ती अख्खी उडाली. हात, खांदे, मान, सगळं एकदम. पुन्हा वाजवली. पुन्हा उडाली.

"बघितलंत? मेंदूच्या पेशी अशा बिथरतात. आवाज झाला की झटका," मी म्हणाले. किती हुशार मी! नाना पांढरेफटक पडले आणि तिला उचलून घेऊन गेले. समजलं वाटतं, असं म्हणून मी पुढचा पेशंट आत बोलावला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी धुळ्याला निघाले होते. दर गुरुवारी तिथे जायचे. पारोळा मागे पडलं, म्हटलं अक्काला बघून जावं. गाडीतून उतरले तर भर दुपारी डफ वाजत होता. आवाज नानांच्याच घरातून.

आत माणसं दाटीने उभी होती. मधे अक्का, केस मोकळे, लुगडं फाटलेलं, ओठ फुटलेला. एक भगत डफावर काठी हाणायचा, ती उडायची, आणि उडाली की दोन माणसं कडुनिंबाच्या फांद्यांनी तिला झोडायची. "बोल, कोण शे तू? बोल!" भगत ओरडायचा. बोलणार काय बाई? तिची वाचा आठवड्यापूर्वीच गेली होती. घशातून नुसता एक आवाज यायचा, त्यालाही लोक म्हणायचे, बघा, आतलं ओरडतंय.

मी घुसले. काठी हिसकावली, गुडघ्यावर मोडली. भगताने मला ढकललं, माझं डोकं भिंतीवर आपटलं, चष्मा पायाखाली गेला. मग मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून. मेडिकल कॉलेजात हे शिकवत नाहीत, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटते. नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, तुम्हीनच टाळी वाजाडी ना? तुम्हीनच दाखाडं ना माले, तिना आंगमा कोणतरी शे म्हणून?"

भगत डफ वाजवून जे सिद्ध करत होता, तेच मी टाळी वाजवून सिद्ध केलं होतं. तो माझ्यापेक्षा जोरात वाजवत होता, एवढाच फरक.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. हाताला येईल त्याला ढकललं, शिव्याही दिल्या. दार लोटलं. अक्काला गोधडीवर झोपवलं, कानात कापूस घातला आणि नानांना म्हणाले, "बसा इथे. आवाज करायचा नाही. फक्त बघा." अर्धा तास आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. झटके विरळ झाले. चेहरा सैल पडला. आतलं कुणी असतं, तर ते शांततेला कशाला भ्यालं असतं?

नाना हलक्या आवाजात म्हणाले, "सुरवातले मी ओरडू ना तिनावर, तवय ती आशीच उडे. माले वाटे, नखरा करस. मी मारं तिले, बाई. भगतना पहिले मीच मारं." आणि तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून रडले, आवाज होऊ नये म्हणून.

त्या दिवसापासून त्या माणसाने घर मुकं केलं. बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढली. दाराच्या कडीला चिंधी बांधली. भांडी अंगणात लांब नेऊन घासायला लावली. भगत पुन्हा एकदा आला, तेव्हा नानांनी कुऱ्हाड घेऊन त्याला वेशीपर्यंत पळवला, तोंडातून चकार शब्द न काढता. मी दर गुरुवारी जायचे, झटके कमी व्हायची गोळी द्यायचे, नळीतून पेज कशी घालायची ते दाखवायचे. पुढे पुढे झटकेही थांबले. बिथरायला पेशी उरल्या नव्हत्या. आता आवाज झाला तरी चालेल, असं मी नानांना सांगितलं. त्यांनी चिंधी सोडली नाही.

ती एका गुरुवारी सकाळीच गेली. मी पोचले तेव्हा गल्लीतल्या बायका नुकत्याच आत आल्या होत्या आणि एकीने छाती पिटून हंबरडा फोडला. नाना प्रेताजवळ बसलेले. ते झटकन पुढे झाले, दोन्ही हातांनी अक्काचे कान झाकले आणि त्या बायकांना काकुळतीने म्हणाले,

"हाळू रडा व माय. ती दचकस."