थोरल्याचं नाव द्यायची परवानगी

ती. आबांस सा. न.

पुण्याला निघाले त्या दिवशी रिक्षा दारात घरघरत होती आणि तुम्ही मला मागच्या अंगणात पाठवलंत. "आधी थोरल्याच्या पाया पड, मग माझ्या," म्हणालात. आंब्याच्या बुंध्याला डोकं टेकवून मी रडले, तेव्हा तुम्ही खोकल्याचं निमित्त करून आत गेलात. तुमच्या जन्माआधी लावलेलं झाड, म्हणून तुम्ही त्याला थोरला भाऊ म्हणायचात. घरात किती माणसं, असं कुणी विचारलं की "थोरल्याला धरून सात" हे तुमचं उत्तर ठरलेलं.

आता काम सांगते. तिकडे ग्वाल्हेरला थाटीपुरात, काकाच्या खालच्या खोल्यांत, बाहेरगावी शिकायला निघणाऱ्या मुलींसाठी आम्ही अभ्यासिका काढतोय. त्यासाठी धर्मादाय न्यास करायचा आहे. विश्वस्तांत तुम्ही पहिले, त्यामुळे न्यासपत्रावर दोन साक्षीदारांसमोर तुमची सही लागेल. मग उपनिबंधकाकडे नोंदणी, त्यानंतर न्यासाच्या नोंदणीसाठी एसडीएमच्या कार्यालयात अर्ज. तिथून जाहीर सूचना निघते आणि लोकांच्या हरकती मागवतात. नंतर नाव बदलायचं तर दुरुस्तीपत्रापासून पुन्हा सगळे हेलपाटे, म्हणून वकील म्हणतात, नाव आत्ताच पक्कं करा.

मी 'थोरला आंबा न्यास' सुचवलं. वकिलांनी फोनवर अर्धंच ऐकलं. "थोरला यानी दादाजी के बड़े भाई? नाव के आगे स्वर्गीय लावायचं का?"

"कळवते," म्हणून फोन ठेवला.

आबा, थोरला गेला. आपलं जयेंद्रगंजचं घर विकल्यावर नव्या मालकाने मागच्या अंगणात गाडी ठेवायला जागा केली. दिवाळीनंतर लगेचच. काका म्हणाला, "अभी मत बता, आबांचं बीपी वाढेल." मी हो म्हटलं आणि अडकले. काका विषय टाळतो, म्हणून दर रविवारी तुम्ही फोनवर मलाच थोरल्याची खुशाली विचारता; आता विचारता, मोहोर आला का? मी म्हणते, आलाय. मग विचारता, दाट आहे का? मी दाट म्हणते. एका खोट्याला दुसरं जोडत तीन महिने झाले. शनिवार उजाडला की उद्या काय सांगायचं ते ठरवत बसते. तुमचे गुडघे तुम्हाला तिथवर जाऊ देत नाहीत, याचं मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते. भाऊ गेल्याचं भावापासून लपवायचं, असं कुठल्या घरात करतात?

तुम्हाला अंधारात ठेवून तुमची सही घेणं मला जमणार नाही. नाव द्यायला आशीर्वाद द्या, नाहीतर नको म्हणा. मसुद्यात ती जागा कोरी आहे.

आणि रागवायचं असेल तर पोटभर रागवा. इथे पुण्यात माझं सगळं छान चाललंय, आबा. सगळे माझ्याशी चांगलं वागतात. माझ्यावर रागवायचा हक्क असलेलं माणूस मात्र ग्वाल्हेरातच राहतं.

तुमची,
सई